पॉर्न पाहण्याबद्दल विचारायचे, तर कसे? थेट प्रश्न, यादी-प्रयोग आणि क्रॉसवाइज पद्धत यांची तुलना

सर्वेक्षणात पॉर्न पाहण्याच्या सवयीबद्दल एक तरी प्रश्न घालायचा आहे आणि लोक खरे सांगणार नाहीत अशी धास्ती आहे, अशा वेळी संशोधकापुढे साधारण तीन वाटा असतात. पहिली, प्रश्न थेट विचारायचा, मात्र मुलाखतकार बाजूला ठेवून उत्तरदात्याला स्वतः उत्तर भरू द्यायचे. दुसरी, यादी-प्रयोग करायचा. त्यात माणूस ‘यांपैकी किती गोष्टी केल्या’ एवढा आकडा सांगतो, कोणत्या केल्या ते सांगत नाही. तिसरी, क्रॉसवाइज पद्धत वापरायची. त्यात नाजूक प्रश्न एका निरुपद्रवी प्रश्नाशी जोडून दोन्हींचे उत्तर ‘सारखे’ की ‘वेगळे’ एवढेच विचारले जाते. या तिन्हींची किंमत वेगवेगळी आहे आणि ती किंमत बहुतेकदा नमुन्याच्या आकारातून वसूल होते. म्हणून निवड करण्याआधी चुकीचे उत्तर नेमके कशामुळे येते, हे वेगळे काढून पाहावे लागते.

उत्तर चुकण्याची कारणे ढोबळमानाने तीन असतात. माणूस समाजाला पटेल असे उत्तर देतो आणि खरे लपवतो, हे पहिले. त्याला नीट आठवत नाही आणि तो अंदाजाने काहीतरी सांगतो, हे दुसरे. प्रश्नातील शब्दांचा त्याने लावलेला अर्थ विचारणाऱ्याच्या मनातल्या अर्थाहून निराळा असतो, हे तिसरे. यादी-प्रयोग आणि क्रॉसवाइज या दोन्ही पद्धती केवळ पहिल्या कारणावरचा उपाय आहेत. उरलेल्या दोन कारणांवर त्यांचा काडीचाही परिणाम होत नाही, उलट प्रश्न अधिक गुंतागुंतीचा झाल्याने गैरसमजाला वाव वाढतो. माध्यमांच्या सवयींबाबत दुसरे आणि तिसरे कारण किती जड असते, हे लक्षात न घेता थेट गुप्ततेच्या तंत्राकडे धाव घेणारे आराखडे मला नेहमी दिसतात, आणि ही तुलना लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

शब्दरचनेचे सापळे: तिन्ही पद्धतींना समान

अमेरिकेतील ‘जनरल सोशल सर्व्हे’ हे नामांकित सर्वेक्षण १९७० च्या दशकापासून विचारत आले आहे की, गेल्या वर्षभरात तुम्ही ‘एक्स-रेटेड’ चित्रपट पाहिला का. दीर्घकाळ एकच शब्दरचना ठेवण्याचा फायदा उघड आहे, कारण त्यामुळे वर्षांची तुलना करता येते. पण हा शब्द चित्रपटगृहाच्या काळातला आहे. फोनवर पाच मिनिटांची चित्रफीत पाहणारा तरुण स्वतःला ‘चित्रपट पाहणारा’ समजत नाही आणि कोणतीही लाज न बाळगता, अगदी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणू शकतो. हे लपवणे नव्हे. पण आकडेवारीत ते लपवण्यासारखेच दिसते.

याच विषयावर २०१६ साली मार्क रेग्नेरस, डेव्हिड गॉर्डन आणि जोसेफ प्राइस यांनी वेगवेगळ्या सर्वेक्षणांतील प्रश्नपद्धतींची तुलना प्रसिद्ध केली. ‘तुम्ही पाहता का’ किंवा ‘किती वेळा पाहता’ याऐवजी ‘शेवटचे मुद्दाम कधी पाहिले’ असे विचारल्यावर १८ ते ३९ या वयोगटातील ४६ टक्के पुरुष आणि १६ टक्के स्त्रियांनी एखाद्या आठवड्यात पॉर्न पाहिल्याचे दिसले. इतर प्रकारच्या प्रश्नांवरून निघालेल्या पूर्वीच्या बहुतेक अंदाजांपेक्षा हे प्रमाण बरेच जास्त होते. फरक कशामुळे पडला असावा, हे समजून घेण्यासारखे आहे. ‘तुम्ही पाहता का’ हा प्रश्न माणसाच्या ओळखीवर बोट ठेवतो आणि ‘मी तसला माणूस आहे का’ असा अर्थ त्यातून सहज निघतो. ‘किती वेळा’ या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी सरासरी काढावी लागते, आणि सरासरी काढताना माणूस स्वतःला सवलत देतो. ‘शेवटचे कधी’ या प्रश्नात एकच प्रसंग आठवायचा असतो. ‘आज’, ‘काल’, ‘गेल्या आठवड्यात’, ‘गेल्या महिन्यात’, ‘त्याआधी’, ‘कधीच नाही’ असे पर्याय पुढे आले की बहुतेक वेळा उत्तर चटकन सापडते. शिवाय ‘कधीच नाही’ हा पर्याय शेवटी असल्याने पाहणे हीच नेहमीची गोष्ट आहे असे न बोलता सुचवले जाते. ‘मुद्दाम’ हा शब्दही महत्त्वाचा आहे, कारण एखाद्या संकेतस्थळावर आपोआप उघडलेली जाहिरात त्यामुळे वगळली जाते.

दुसरा सापळा उत्तराच्या पट्टीचा आहे, आणि तो फारसा कुणाच्या ध्यानात येत नाही. नॉर्बर्ट श्वार्त्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली जर्मनीतील प्रयोगात लोकांना रोज किती वेळ टीव्ही पाहता असे विचारले. एका गटाला दिलेली पट्टी अर्ध्या तासापासून सुरू होऊन ‘अडीच तासांहून अधिक’ या पर्यायावर संपत होती. दुसऱ्या गटाची पट्टी ‘अडीच तासांपर्यंत’ या पर्यायाने सुरू होऊन साडेचार तासांच्या पुढे जात होती. पहिल्या गटातील १६.२ टक्के लोकांनी अडीच तासांहून अधिक पाहतो असे सांगितले, तर दुसऱ्या गटातील ३७.५ टक्क्यांनी. लोक तेच, सवय तीच, फक्त चौकटी बदलल्या. पट्टीचा मधला भाग म्हणजे सामान्य माणूस, असे उत्तरदाता गृहीत धरतो आणि आपली जागा त्याच्या आसपास शोधतो. टीव्हीसारख्या निरुपद्रवी सवयीत हे घडत असेल, तर ज्या सवयीची लाज वाटते तिथे ओढ आणखी वाढणार हे सरळ आहे. म्हणून वारंवारता विचारायचीच असेल, तर पर्यायांऐवजी रिकामी जागा द्यावी आणि ‘गेल्या सात दिवसांत किती दिवशी’ असा आकडा मागावा.

नाव कोणते द्यायचे, यावरही पुष्कळ अवलंबून असते. ‘आक्षेपार्ह सामग्री’ असे लिहिले की प्रश्नातच निकाल लागला. ‘प्रौढांसाठीची सामग्री’ इतके सौम्य लिहिले, तर कुणी हिंसक मालिकाही त्यात धरतो. शब्द सर्वांना माहीत असलेला घ्यावा आणि त्यापुढे एका वाक्यात स्पष्ट करावे: लैंगिक क्रिया उघडपणे दाखवणाऱ्या चित्रफिती किंवा छायाचित्रे, लेखी मजकूर सोडून. ‘पाहिले किंवा इतरांना पाठवले’ असे दोन कृती जोडणारे वाक्य मात्र कधीही नको, कारण नुसते पाहणाऱ्याला पाठवल्याचाही डाग नको असतो आणि तो दोन्हींना मिळून ‘नाही’ म्हणतो.

‘अनेक जण अशी सामग्री पाहतात, हे सामान्य आहे’ अशी प्रस्तावना घालून माणसाला मोकळे करण्याचा सल्ला पाठ्यपुस्तकांत जुना आहे. त्याचे परिणाम एकसारखे आढळत नाहीत, आणि असे वाक्य नकोशा दिशेनेही ढकलू शकते: न पाहणाऱ्याला आपणच वेगळे आहोत असे वाटू लागते. माझे मत असे की, ही प्रस्तावना टाळावी आणि पर्यायांच्या क्रमातूनच जितका मोकळेपणा देता येईल तितका द्यावा. गुप्ततेच्या लांबलचक आश्वासनांचेही तसेच आहे. एलेनॉर सिंगर, हिपलर आणि श्वार्त्स यांनी १९९२ साली दाखवले की, फार तपशीलवार आश्वासन दिल्याने लोक सावध होतात, कारण इतकी काळजी घ्यावी लागते म्हणजे प्रश्न धोक्याचाच असणार. दोन साध्या वाक्यांचे आश्वासन पुरते.

थेट प्रश्न: कोण समोर आहे?

शब्द नीट बसले की पुढचा मुद्दा माणसाचा. मुलाखतकाराच्या तोंडावर उत्तर द्यायचे असेल, तर या विषयात प्रमाण खाली येते, याबद्दल आता फारसा वाद नाही. मात्र मुलाखतकार दूर केला म्हणजे सगळे एकसारखेच, असेही नाही. १९९८ साली चार्ल्स टर्नर आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील किशोरवयीन मुलांनी हेडफोनवर प्रश्न ऐकून संगणकावर उत्तरे दिली, तेव्हा समलिंगी संबंधांचे प्रमाण ५.५ टक्के निघाले; तेच प्रश्न कागदावर स्वतः भरणाऱ्यांत ते १.५ टक्के होते. कागद कुणाच्या तरी हातात पडणार, ही जाणीव पुरेशी असते. पुढे फ्राउके क्रॉयटर, स्टॅनली प्रेसर आणि रॉजर टूरँजो यांनी २००८ साली मेरीलँड विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांची उत्तरे प्रत्यक्ष नोंदींशी ताडून पाहिली आणि कमीपणा आणणारी माहिती देण्यात वेबवरचे उत्तरदाते फोनवरील मुलाखतीपेक्षा अधिक खरे निघाल्याचे दिसले.

थेट प्रश्नाचा मोठा गुण असा की, प्रत्येक व्यक्तीचे उत्तर हाती राहते. वय, लिंग, शिक्षण यांच्याशी त्याचे नाते पाहता येते, पुढच्या वर्षीच्या उत्तराशी जोडता येते. दोषही स्पष्ट आहे: काही जण वेबवरसुद्धा लपवतील आणि किती जणांनी लपवले, हे त्याच माहितीतून कळणार नाही. यावर नियंत्रणाचा एक साधा मार्ग आहे. प्रश्न सोडून देणाऱ्यांचे आणि प्रश्नावली त्याच पानावर बंद करणाऱ्यांचे प्रमाण शेजारच्या निरुपद्रवी प्रश्नाशी ताडून पाहावे. ते दोन-तीन पटींनी वाढलेले दिसले, तर लपवण्याची अडचण खरी आहे. जवळपास सारखे असेल, तर निदान उघड टाळाटाळ होत नाही एवढे म्हणता येते.

यादी-प्रयोग: नमुना दुभंगण्याची किंमत

समजा, हजार उत्तरदाते आहेत. त्यांतील पाचशे जणांना चार गोष्टींची यादी मिळते: गेल्या आठवड्यात रेडिओवर बातम्या ऐकल्या, छापील वर्तमानपत्र वाचले, ऑनलाइन खेळ खेळला, पॉडकास्ट ऐकला. उरलेल्या पाचशे जणांना याच चार आणि पाचवी ‘मुद्दाम पॉर्न पाहिले’ अशी यादी मिळते. प्रत्येकाने फक्त संख्या सांगायची. पहिल्या गटाची सरासरी १.९ आणि दुसऱ्याची २.२ आली, तर फरक ०.३ म्हणजे ३० टक्के. कुणाचेही वैयक्तिक उत्तर उघड होत नाही.

आता या ३० टक्क्यांची विश्वासार्हता पाहा. निरुपद्रवी गोष्टींच्या संख्येचे प्रमाण विचलन साधारण १ धरले, तर या फरकाची प्रमाण त्रुटी सुमारे ६.६ टक्के-बिंदू येते, म्हणजे ९५ टक्के विश्वासाची मर्यादा ३० च्या दोन्ही बाजूंना सुमारे १३. खरे प्रमाण १७ पासून ४३ पर्यंत कुठेही असू शकते. हजार जणांना थेट विचारले असते, तर हीच मर्यादा तीनच्या आत राहिली असती.

समजा, थेट प्रश्नात खऱ्या ३० पैकी फक्त २४ टक्के कबूल करतात आणि सहा बिंदू लपतात. थेट प्रश्नाची एकूण चूक, लपवलेले आणि नमुन्याची त्रुटी दोन्ही मिळून, सहाच्या किंचित वर जाते. यादी-प्रयोगाची साडेसहाच्या वर. म्हणजे सहा बिंदू लपत असतानाही हजार जणांच्या नमुन्यात यादी-प्रयोग जिंकत नाही. नमुना चार हजारांचा असेल, तर यादीची चूक साधारण ३.३ वर येते आणि थेट प्रश्नाची सहावरच अडकून राहते, कारण लपवणे नमुना वाढवून कमी होत नाही. निर्णय खरा इथे होतो. ग्रेम ब्लेअर, अलेक्झांडर कॉपॉक आणि मार्गारेट मूर यांनी २०२० साली तीस वर्षांतील यादी-प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा लपवण्याचे प्रमाण बहुधा दहा बिंदूंच्या आतच आढळले. त्यांतले बरेच विषय मतदान आणि पूर्वग्रह यांच्याशी निगडित होते, त्यामुळे ती संख्या पॉर्नला जशीच्या तशी लावू नये. पण लहान नमुन्यात यादी वापरण्याआधी दोनदा विचार करावा, एवढे त्यातून नक्की निघते.

यादी निवडण्यातही मेख आहे. चारही निरुपद्रवी गोष्टी सर्रास घडणाऱ्या असल्या, तर ज्याने सर्व केल्या त्याला ‘पाच’ म्हणावे लागते आणि त्याचे गुपित फुटते. म्हणून तो ‘चार’ म्हणतो आणि अंदाज खाली येतो. एकमेकींच्या विरुद्ध जाणाऱ्या गोष्टी घ्याव्यात, जसे छापील वर्तमानपत्र आणि ऑनलाइन खेळ, म्हणजे फार कमी जण शून्यावर किंवा चारवर जातात. यामुळे प्रमाण विचलनही आटोक्यात राहते.

क्रॉसवाइज: फसवे यश

या पद्धतीत पडद्यावर दोन वाक्ये येतात: ‘माझ्या आईचा वाढदिवस जानेवारी ते मार्च या काळात येतो’ आणि ‘मी गेल्या आठवड्यात मुद्दाम पॉर्न पाहिले’. दोन्हींची उत्तरे सारखी आहेत की वेगळी, एवढेच सांगायचे. पहिल्या वाक्याची शक्यता सुमारे पाव धरता येते, त्यामुळे ‘सारखी’ म्हणणाऱ्यांच्या प्रमाणातून दुसऱ्याचे प्रमाण काढता येते. खरे प्रमाण ३० टक्के असेल, तर ६० टक्के लोक ‘सारखी’ म्हणतील. हजार जणांत मर्यादा साधारण सहा बिंदूंची येते; यादी-प्रयोगापेक्षा निम्म्याहून कमी. १९६५ साली स्टॅनली वॉर्नर यांनी मांडलेल्या यादृच्छिक उत्तर पद्धतीचाच हा नवा अवतार आहे; फाशासारखे साधन मात्र लागत नाही.

अडचण अशी की, सूचना नीट न वाचणारे लोक दोन्हींपैकी एकावर अंदाजाने खूण करतात. ते आकडा नेहमी ५० टक्क्यांकडे ओढतात. खरे प्रमाण ३० असेल आणि दहा टक्के लोकांनी अशी खूण केली, तर अंदाज ३२ येतो. फार बिघडले नाही. पण ज्या सवयीचे खरे प्रमाण फक्त २ टक्के आहे, तिथे त्याच दहा टक्क्यांमुळे अंदाज जवळजवळ ७ येतो, म्हणजे तिपटीहून अधिक. आणि नाजूक सवयींच्या संशोधनात ‘जास्त आकडा म्हणजे जास्त खरा’ हा निकष सर्रास वापरला जात असल्याने ही फुगवट यश म्हणून गणली जाते. मार्क ह्योग्लिंगर आणि आंद्रेआस डीकमन यांनी २०१७ साली हे नेमके पकडले. ज्या गोष्टी उत्तरदात्यांत जवळजवळ असूच शकत नाहीत, अशा गोष्टी त्यांनी याच पद्धतीने विचारल्या आणि तरीही न दुर्लक्षिता येण्याइतकी ‘होकारार्थी’ उत्तरे निघाली.

म्हणून क्रॉसवाइज वापरायचीच असेल, तर त्याच सर्वेक्षणात शून्याच्या जवळ असणारी एक गोष्ट त्याच स्वरूपात विचारावी. तिचा अंदाज शून्यापासून स्पष्टपणे दूर आला, तर नाजूक प्रश्नाचा आकडाही तितकाच संशयास्पद आहे. गटांची तुलना तर आणखी जपून करावी, कारण सूचना समजण्यात अडखळणाऱ्या गटात अंदाजाच्या खुणा जास्त पडल्या, तर त्या गटातच सवय जास्त आहे असा भास होतो.

मग कोणती घ्यावी?

नमुना दोन हजारांच्या आत असेल आणि कोण पाहते, कोण नाही, हे व्यक्तीनिहाय हवे असेल, तर स्वतः भरायचा थेट प्रश्न, ‘शेवटचे कधी’ या स्वरूपात. यावर मी ठाम आहे. उत्तरदाता स्वतःच्या फोनवर उत्तर देणार असेल, तर ‘मागे जा’ हे बटण त्यापुढच्या पानावरून काढावे, म्हणजे शेजारी डोकावणाऱ्याला मागचे उत्तर सहज पाहता येणार नाही.

नमुना चार हजार किंवा त्याहून अधिक असेल, हवा असलेला आकडा एकच एकूण प्रमाण असेल आणि लपवण्याचे प्रमाण मोठे असल्याची खूण प्रायोगिक चाचणीत दिसली असेल, तर यादी-प्रयोग योग्य. त्यातही शक्य असेल, तर ज्यांना चार गोष्टींचीच यादी मिळाली त्यांना नंतर थेट प्रश्नही विचारावा. मग दोन अंदाजांतील फरक हाच लपवण्याचा अंदाज होतो.

क्रॉसवाइज मी सामान्य, म्हणजे २० ते ५० टक्क्यांच्या आसपासच्या सवयींपुरती आणि नियंत्रणाच्या प्रश्नासह स्वीकारेन. पैसे देऊन पाहण्यासारख्या कमी आढळणाऱ्या सवयींसाठी नाही.

आणखी एक गोष्ट वेगळ्या दिशेची आहे, पण निवड करणाऱ्याने ती ध्यानात घ्यावी. बातम्या पाहण्यासारख्या मानाच्या सवयी लोक फुगवून सांगतात. मार्कस प्रायर यांनी २००९ साली दाखवले की, अमेरिकेत दूरचित्रवाणीच्या बातम्यांबद्दलची स्वकथने मोजमाप यंत्रांच्या अंदाजाच्या सरासरी सुमारे तिप्पट होती. त्यामागे दिखावा असेल, पण स्मृतीचा ढिलेपणाही आहे, आणि तिथे गुप्ततेचे तंत्र लावून फारसे काही हाती येत नाही. एकाच प्रश्नावलीत पॉर्न आणि बातम्या दोन्ही विचारल्या जात असतील, तर त्यांचे आकडे एकाच तक्त्यात शेजारी ठेवताना एक खाली आणि दुसरा वर वाकलेला आहे, ही नोंद तक्त्याच्या खालीच छापावी, आणि प्रश्नाची शब्दरचना व उत्तराचे पर्याय तिथेच शब्दशः द्यावेत.